वीस खेपांचा शब्द: नियमित मालाच्या हमीवर भाडे कमी करून घेण्याचे एक प्रकरण

प्लास्टिकच्या घरगुती वस्तू बनवणारा एक मध्यम आकाराचा कारखाना डोळ्यांसमोर ठेवू. माल हलका, पण जागा खाणारा. गाडी वजनाने भरायच्या आधी आकाराने भरते, म्हणून भाडे टनावर न ठरता पूर्ण गाडीच्या खेपेवर ठरते. बहुतेक माल एकाच मोठ्या मार्गाने दूरच्या डेपोकडे जातो. बाकी छोटे मार्ग आहेत, पण त्यांवर महिन्याला एखाददुसरीच गाडी जाते, त्यामुळे ते इथे बाजूला ठेवतो. भाडे कोणत्याही चलनात न सांगता सुरुवातीचा दर खेपेला 100 धरला आहे. हिशेब डोक्यात बसावा म्हणून बाकीचे आकडेही सोपे घेतले आहेत.

या मार्गावर महिन्याला सरासरी 24 खेपा जातात. मालकाने डिस्पॅच पाहणाऱ्या व्यवस्थापकाला सांगितले, की वर्षाला जवळजवळ तीनशे गाड्या आपण एकाच ट्रान्सपोर्टरला देतो, दहा टक्के तरी कमी झालेच पाहिजेत. व्यवस्थापकाने तसे पत्र पाठवले. ट्रान्सपोर्टर भेटायला आला, चहा झाला, आणि त्याने चार टक्के देऊ केले. त्याहून खाली यायला तो तयार नव्हता.

व्यवस्थापकाने कारण विचारले, तेव्हा तो म्हणाला, "साहेब, महिन्याच्या चोवीस गाड्या मला सांगू नका. गाडी सोमवारी लागणार की शुक्रवारी, आणि लागली तर त्याच दिवशी भरून निघणार का, ते सांगा. त्यावर मी दर सांगतो."

पुढचे सगळे प्रकरण या वाक्यावर उभे आहे. माल पाठवणारा मालाचा आकडा विकायला निघतो, पण वाहतूकदाराला त्या आकड्याचे फारसे अप्रूप नसते. त्याला हवा असतो तो गाडीचा भरलेला दिवस.

गेटच्या रजिस्टरमध्ये काय सापडले

व्यवस्थापकाने विक्री विभागाचा अंदाज मागवला नाही. त्याने मागच्या बारा महिन्यांचे गेट रजिस्टर काढले. त्यात प्रत्येक गाडीची आत येण्याची आणि बाहेर पडण्याची वेळ होती. माझ्या मते हा त्याचा सर्वांत शहाणा निर्णय होता. विक्रीचा अंदाज आपल्याला काय हवे ते सांगतो, गेट रजिस्टर काय झाले ते सांगते, आणि हमी द्यायची ती रजिस्टरच्या आधारावर.

सर्वांत कमी खेपांचा महिना 19 चा होता, सर्वांत जास्त 31 चा. हा चढउतार त्याच्या अपेक्षेइतकाच होता. धक्का बसला तो महिन्याच्या आतली विभागणी पाहून. सरासरी महिन्यात पहिल्या दहा दिवसांत जेमतेम चार गाड्या निघत होत्या आणि शेवटच्या आठवड्यात बारा. म्हणजे निम्मा महिना एका आठवड्यात कोंबलेला होता. नेमक्या त्याच आठवड्यात बाकीचे कारखानेही गाड्या मागतात, बाजारभाव 108 पर्यंत चढतो, आणि ट्रान्सपोर्टर बाहेरून गाड्या भाड्याने घेऊन यांना 100 ने लावतो. त्याच्या वहीत हे गिऱ्हाईक मोठे होते, पण महिनाअखेरीला ते तोटा देत होते. चार टक्क्यांवर तो का अडला, याचा अर्धा उलगडा इथेच होतो.

दुसरी गोष्ट गाडी उभी राहण्याची. गाडी गेटातून आत आल्यापासून भरून बाहेर पडेपर्यंत सरासरी नऊ तास लागत होते. लोडिंग दोन तासांचेच होते. बाकीचा वेळ माल पॅक व्हायची, बिल निघायची, कधी एका राहिलेल्या डिझाइनची वाट पाहण्यात जात होता. डेपोच्या टोकालाही तीच रड. संध्याकाळी पोचलेली गाडी दुसऱ्या दिवशी दुपारी रिकामी व्हायची.

एका जादा खेपेचे गणित

आता हेच ट्रान्सपोर्टरच्या बाजूने पाहू. गाडीचा खर्च दोन प्रकारचा असतो. कर्जाचा हप्ता, चालकाचा पगार, विमा, कर हे गाडी धावो वा उभी राहो, द्यावेच लागतात. डिझेल, टोल, टायर हे धावली तरच. आपल्या मोजमापात पहिला खर्च महिन्याला 240 धरू आणि दुसरा जाऊन-येऊन खेपेला 42.

जुन्या पद्धतीत एका फेरीला सहा दिवस लागत, म्हणजे एक गाडी महिन्यात पाच खेपा करी. 240 पाच खेपांत वाटले की प्रत्येकीवर 48 येतात, त्यात 42 मिळवले की खेपेचा खर्च 90. भाडे 100, म्हणजे खेपेला 10 आणि महिन्याला गाडीमागे 50 सुटतात. याच परिस्थितीत मालकाची दहा टक्क्यांची मागणी मान्य केली, तर भाडे 90 आणि खर्चही 90. हाती काहीच उरत नाही. एवढे उघड असताना "आमचा माल केवढा आहे" हे कितीही वेळा सांगितले, तरी उत्तर बदलणार नव्हते.

फेरीतला एक दिवस वाचला तर मात्र चित्र पालटते. सहाऐवजी पाच दिवसांत फेरी झाली, की महिन्यात सहा खेपा होतात. 240 सहांत वाटले की 40, अधिक 42, म्हणजे खर्च 82 वर आला. आता भाडे 93 ठेवले तर खेपेला 11 सुटतात आणि महिन्याला 66. भाडे सात टक्क्यांनी उतरले आणि ट्रान्सपोर्टरची कमाई 50 वरून 66 वर गेली. पण 90 च मागितले, तर खेपेला 8 आणि महिन्याला 48, म्हणजे एक फेरी जास्त मारून आधीपेक्षा कमी. सौदा जिथे मोडला असता ती रेषा 90 च्या थोडी वर आहे.

यात परतीचे भाडे धरलेले नाही. ज्या मार्गावर परतीला माल मिळतो, तिथे निघण्याचा दिवस पक्का असला की ट्रान्सपोर्टर परतीचा माल आधीच ठरवू शकतो, आणि त्यातला वाटाही मागता येतो. या प्रकरणात परतीचा माल अधूनमधूनच मिळत होता, म्हणून व्यवस्थापकाने तो मुद्दा ताणला नाही.

आधी आपल्या घरात

फेरीतला एक दिवस ट्रान्सपोर्टर वाचवू शकत नव्हता. तो कारखान्याच्या गेटवर आणि डेपोच्या दारात वाया जात होता. त्यामुळे वाटाघाटीचे खरे काम कारखान्याच्या आतच सुरू झाले, आणि ते दराच्या घासाघिशीपेक्षा कितीतरी अवघड होते.

महिनाअखेरची गर्दी ग्राहकांच्या गरजेतून आलेली नव्हती. विक्री विभागाचे उद्दिष्ट महिन्याचे होते आणि वितरकांना जादा सवलत शेवटच्या आठवड्यात मिळत होती. वितरक तोपर्यंत थांबायला शिकले होते. व्यवस्थापकाने विकल्या गेलेल्या वस्तूंची यादी पाहिली, तेव्हा रोजच्या वापराच्या काही ठरावीक वस्तूच गाड्या भरत होत्या आणि डेपोतून त्यांची उचल दर आठवड्याला जवळजवळ सारखी होती. या वस्तूंच्या गाड्या ऑर्डरची वाट न पाहता डेपोतला साठा बघून आठवड्याला पाच पाठवता येणार होत्या. नव्या डिझाइनचा, रंगांचा, हंगामी माल मागणीप्रमाणे नंतर जाणार होता.

विक्रीप्रमुखांचा विरोध झाला. त्यांना वाटत होते की डेपोत माल पडून राहील. तडजोड अशी निघाली, की वितरकांची सवलत महिनाअखेरीऐवजी आठवड्याच्या नियमित उचलीवर द्यायची आणि ठरावीक वस्तूंचा डेपोतला साठा दोन आठवड्यांपेक्षा जास्त होऊ द्यायचा नाही. साठा वर गेला, तर त्या आठवड्याची एक गाडी पुढे ढकलायची मुभा ठेवली. साठ्यात अडकणाऱ्या पैशाचा खर्च इथे मोजलाच पाहिजे. माल महाग असेल, तर तो भाड्यातली सगळी बचत खाऊ शकतो. प्लास्टिकच्या बादल्यांना तो सोसला, औषधांना किंवा इलेक्ट्रॉनिक मालाला कदाचित सोसणार नाही.

गेटवर बदल साधा होता. गाडी लागण्याच्या आदल्या संध्याकाळी माल पॅक करून दाराजवळ लावायचा आणि बिल तयार ठेवायचे. राहिलेल्या डिझाइनसाठी गाडी थांबवायची नाही. डेपोला सकाळची उतरवण्याची वेळ नेमून दिली. दोन महिने हे नुसते चालवून पाहिले, ट्रान्सपोर्टरला काही न सांगता. नऊ तासांचे तीन झाले, डेपोतली दुपार सकाळवर आली आणि फेरी पाच दिवसांत बसू लागली. मगच व्यवस्थापक पुन्हा बोलणीला बसला, हातात पुढच्या तिमाहीचे गाड्यांचे वेळापत्रक घेऊन.

हमी कितीची द्यायची

मालकाचे म्हणणे होते, हमी मोठी द्या म्हणजे सूट मोठी मिळेल. विक्री विभागाचा अंदाज तर 27 खेपांचा होता. 20 खेपांच्या हमीवर ट्रान्सपोर्टरचा दर 93 होता, आणि 26 खेपांची हमी दिल्यास त्याने 91 देऊ केला. कागदावर हा दर 93 पेक्षा चांगला दिसतो. हमी पुरी झाली नाही तर काय, हा प्रश्न विचारला की तो तसा राहत नाही.

आधी तूट भरपाईचा दर पाहू. न लागलेल्या गाडीचे पूर्ण भाडे मागण्याची पद्धत बऱ्याच करारांत दिसते आणि ती अन्यायाची आहे. गाडी धावली नाही तर डिझेल, टोल, टायर वाचतात. ट्रान्सपोर्टरचे नुकसान होते ते उभ्या गाडीच्या खर्चाचे, म्हणजे आपल्या हिशेबात 40. भरपाई तेवढ्यावर ठरली, आणि ट्रान्सपोर्टरने हे फार खळखळ न करता मान्य केले, कारण खर्चाची फोड दोघांनी एकत्र बसून केली होती.

आता तुलना. सरासरी तिमाहीत 72 खेपा होतात. हमी महिन्याला 26, म्हणजे तिमाहीला 78 असेल, तर 72 खेपांवर 9 प्रमाणे 648 वाचले, पण सहा खेपांच्या तुटीचे 240 गेले. उरले 408. हमी 20 ची, म्हणजे तिमाहीला 60 ची घेतली, तर 60 खेपांवर 7 प्रमाणे 420 वाचतात. त्यावरच्या 12 खेपा 96 दराने जातात, त्यांचे 48. एकूण 468, आणि तुटीचा धोका जवळजवळ नाही. छोटी हमी, कमी सूट, तरी बचत जास्त. मालकाला हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहून दाखवल्यावर वाद संपला.

बारा महिन्यांत 20 च्या खाली गेलेला महिना एकच होता, आणि तोही एका खेपेने. म्हणून हिशेब महिन्याचा न ठेवता तिमाहीचा ठेवला. एखाद्या महिन्यातली तूट पुढच्या महिन्यात भरून निघते. तिमाहीच फार वाईट गेली तर? 7 ची बचत आणि 40 ची भरपाई यांचा मेळ घातला, तर 60 ऐवजी 52 खेपा झाल्या तरी 364 वाचून 320 द्यावे लागतात, म्हणजे किंचित फायदा राहतो. 51 वर पारडे उलटते. हमीपेक्षा सुमारे पंधरा टक्के घसरण हा करार पेलू शकतो. आपल्या मालाची मागणी याहून जास्त डोलत असेल, तर हमीचा आकडा आणखी खाली आणावा, किंवा हमी देण्याचा विचारच सोडावा.

दरांची रचना मला विशेष महत्त्वाची वाटते. सवयीचे दरपत्रक जितका माल जास्त तितका दर कमी, असे उतरत जाते. इथे ते उलटे होते. वेळापत्रकातल्या पहिल्या 20 खेपा 93 ला, त्यावरच्या 26 पर्यंतच्या खेपा दोन दिवस आधी कळवल्यास 96 ला, आणि त्याहून पुढच्या बाजारभावाने. नियमित खेप स्वस्त आणि अचानकची महाग, कारण ट्रान्सपोर्टरला ती खरोखरच महाग पडते. उतरत्या दरपत्रकात कारखान्याला महिनाअखेरीला घाईने गाड्या मागण्याचे बक्षीसच मिळते आणि जुनी सवय परत येते. वरच्या खेपांसाठी पहिली विचारणा याच ट्रान्सपोर्टरला करायची, त्याने नाही म्हटले तर दुसऱ्याकडे जायचे, असे ठरले. दुसरा ट्रान्सपोर्टर त्यामुळे ओळखीत राहिला, जे पुढे उपयोगी पडले.

कराराची दुसरी बाजू

हमी एकट्या माल पाठवणाऱ्याने दिली, तर ती फसवी ठरते. जहाज वाहतुकीत याचा मोठा धडा मिळाला आहे. अमेरिकेच्या 1984 च्या जहाज वाहतूक कायद्यात सेवा-कराराची व्याख्याच दुहेरी आहे. मालवाला ठरावीक मुदतीत ठरलेल्या प्रमाणात माल देण्याचे वचन देतो, वाहतूकदार दराबरोबर सेवेचेही वचन देतो. तरीही 2021 मध्ये कंटेनरची टंचाई आली तेव्हा करार हातात असलेल्या अनेकांना जागा मिळेना, आणि त्यांना कितीतरी जास्त भावाने तात्पुरती जागा घ्यावी लागली. दर लिहिलेला होता, पण जागा दिली नाही तर काय, याची तरतूद बऱ्याच करारांत कच्ची होती.

म्हणून व्यवस्थापकाने तीन गोष्टी आग्रहाने लिहून घेतल्या. नेमलेल्या दिवशी गाडी लागली नाही आणि बाहेरून घ्यावी लागली, तर 93 च्या वरचा फरक ट्रान्सपोर्टर देईल, त्याला एक वरची मर्यादा. अशी हुकलेली खेप कारखान्याच्या हमीत पुरी झाली असे धरायचे. आणि हमीच्या गाड्यांपैकी वेळेवर लागलेल्यांचे प्रमाण एका महिन्यात 95 टक्क्यांखाली गेले, तर त्या तिमाहीत तूट भरपाई लागू नाही. दुसरी अट बहुतेक जण विसरतात. ती नसेल, तर गाडी न लावणारा ट्रान्सपोर्टरच वर तुटीचे पैसे मागू शकतो.

ट्रान्सपोर्टरचा आग्रह डिझेलवर होता, आणि तो रास्त होता. वर्षभर पक्का दर मागितला, तर तो डिझेलवाढीची भीती आधीच दरात मिसळतो, आणि वाढ झाली नाही तरी ती आपण भरत राहतो. दरातला इंधनाचा वाटा 30 धरला, करार झाला त्या दिवसाचा डिझेलचा भाव पाया म्हणून लिहिला. डिझेल दहा टक्के चढले तर दर 3 ने वाढेल, उतरले तर 3 ने घटेल. उतरल्यावर आपोआप घट होईल हे शब्दांत असायला हवे, नाहीतर हे कलम एकाच दिशेने चालते.

96 वरून 93 पर्यंतचा शेवटचा टप्पा बिलाच्या मुदतीने पार पडला. साठ दिवसांनी मिळणारे पैसे तीस दिवसांत द्यायचे ठरले. डिझेल आणि चालकाचा खर्च ट्रान्सपोर्टर रोखीने करतो, त्यामुळे त्याला हे मोलाचे होते, आणि कारखान्याला कर्ज त्याच्यापेक्षा स्वस्त मिळत होते. हा फरक उलटा असेल, तर मुदत कमी करू नये.

पहिल्या सहा महिन्यांत बिघडते कुठे, हे तीन ठिकाणी दिसते. बिलात मूळ दराखाली नवी नावे उगवू लागतात, थांब्याचे पैसे, हमाली, कागदपत्रांचा खर्च. म्हणून मूळ दर न पाहता खेपेला एकूण किती पडले हाच आकडा दर महिन्याला मांडायचा. गाडी येते, पण जुनी, गळक्या ताडपत्रीची येते, म्हणजे चांगल्या गाड्या जास्त भाडे देणाऱ्याकडे जात आहेत. तिसरी खूण आपल्याच बाजूची. गेटवरचे तीन तास हळूहळू पाच होतात. ते झाले की सहावी खेप जाते, आणि सहावी खेप गेली की 93 दरात ट्रान्सपोर्टरला खेपेला तीनच उरतात. मग तो करार मोडणार नाही, पण गाड्या उशिरा लावू लागेल.

सातव्या महिन्यात बाजारभाव 90 वर उतरला. दुसऱ्या ट्रान्सपोर्टरने तोच दर देऊ केला आणि मालकाने विचारले, आपण 93 का देतोय? व्यवस्थापकाने हिशेब मांडला. करार सोडला तर तिमाहीच्या 60 खेपांवर 180 वाचतील. पण हंगामाच्या एका महिन्यात बाजार पुन्हा 108 वर गेला, तर त्या महिन्याच्या 20 खेपांवरच 300 जास्त जातील, शिवाय गाडी मिळेल की नाही ते वेगळे. त्याने दुसऱ्याचे दरपत्रक घेऊन पहिल्या ट्रान्सपोर्टरलाच बोलावले. मूळ 20 खेपांच्या दराला हात लावला नाही, फक्त त्यावरच्या खेपांचा दर 96 वरून 92 वर आणून मागितला, कारण त्या खेपा बाजारावर अवलंबून होत्या आणि बाजार उतरला होता. ट्रान्सपोर्टरने एका दिवसाची मुदत मागितली आणि दुसऱ्या दिवशी होकार कळवला, बदल्यात आठवड्यातल्या पाचपैकी एका गाडीचा दिवस शुक्रवारऐवजी गुरुवार करून घेतला, म्हणजे परतीच्या मालाशी त्याचा मेळ बसेल.